शब्दचर्चा: ‘इनहिबिटरी रिसेप्टर’ला काय म्हणावं?

भाषांतरवाली: नॅचरल किलर, म्हणजे एनके या रोगप्रतिकारक पेशींवरचा लेख मराठीत आणतेय. समोरच्या पेशीला मारायचं की सोडायचं, हे एनके पेशी तिच्या अंगावरच्या दोन तऱ्हेच्या रिसेप्टरांवरून, म्हणजे संकेत पकडणाऱ्या प्रथिनांवरून ठरवते. एकाला ‘उत्तेजक’ लिहिलं. इनहिबिटरीला ‘प्रतिबंधक’ चालेल?

कोशप्रेमी: नको. प्रतिबंधक लस म्हटलं की रोगाआधीचा बंदोबस्त आठवतो. इथे उगारलेला हात धरायचा आहे. ‘रोधक’ बरा.

सोपंकरू: त्यापेक्षा ‘ओळख तपासणारा’ म्हणा. निरोगी पेशीच्या अंगावर एचएलए वर्ग-१ची प्रथिनं असतात, तेच तिचं ओळखपत्र. ते दिसलं नाही की एनके मारते.

प्रयोगशाळेतली: अर्धंच खरं आहे. तांबड्या रक्तपेशीवर ही प्रथिनं जवळजवळ नसतातच, तरी एनके तिला हात लावत नाही, कारण उत्तेजक रिसेप्टरांना धरायला तिच्यावर फारसं काही नसतं. याउलट आम्ही वापरतो त्या के-५६२ या रक्तकर्करोगाच्या पेशी. त्यांच्यावरही एचएलए वर्ग-१ नाही, पण उत्तेजक रिसेप्टरांना चेतवणारी प्रथिनं आहेत. एनकेसोबत ठेवल्या की काही तासांत पटापट मरतात. ओळखपत्र नसणं म्हणजे फक्त लगाम सुटणं. टाच कुणीतरी मारावी लागतेच.

चिंतातुर: माझ्या रक्ताच्या रिपोर्टात एनके पेशींची टक्केवारी कमी आलीय. म्हणजे माझे रोधक जास्त आहेत का?

प्रयोगशाळेतली: नाही हो. ती टक्केवारी पेशी किती आहेत ते सांगते, त्यांचे संकेत कुठे झुकलेत ते नाही. रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांनाच दाखवा.

भाषांतरवाली: मग ‘दोन्ही संकेतांचा तोल’ हे तरी बरोबर ना?

प्रयोगशाळेतली: मला ते खटकतं. तराजूत दोन्ही पारडी सारखी असतात. इथे रोधक रिसेप्टर एसएचपी-१ हे एन्झाइम बोलावतो आणि ते उत्तेजक साखळीतल्या पहिल्याच कड्यांवरचे फॉस्फेट काढून टाकतं, म्हणजे उत्तेजक संकेत सुरुवातीलाच अडतो. शिवाय हे होतं फक्त दोन पेशी जिथे टेकतात तिथे. म्हणून एकच एनके पेशी एका बाजूला निरोगी आणि दुसऱ्या बाजूला बिघडलेली पेशी धरून असली, तरी बिघडलेलीच मारू शकते.

कोशप्रेमी: म्हणजे रोधकाचा शब्द अखेरचा. ‘नकाराधिकार’ म्हणू या?

प्रयोगशाळेतली: तेवढंही नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत कर्करोगाच्या गाठीच्या पेशींवर एनकेजी२डी या उत्तेजक रिसेप्टराला चेतवणारी प्रथिनं भरपूर आणली, तेव्हा वर्ग-१ची प्रथिनं शाबूत असूनही एनकेने त्या मारल्या. टाच जोरात बसली की लगाम पुरत नाही.

भाषांतरवाली: ‘रोधक’ ठेवते, आणि ‘तोल’च्या जागी ‘ओढाताण’. पण पेशीवर ते ओळखपत्र नसणं, म्हणजे ‘मिसिंग सेल्फ’, तिथे अडलंय. ‘स्वत्वलोप’ लिहिलं की अध्यात्मच वाटतं.

कोशप्रेमी: ‘हरवलेली स्व-खूण’?

सोपंकरू: मी अजून ओळखपत्रावरच आहे.