तातडीने मदत हवी: गोव्याची लोकसंख्या राउंड केली तर १० लाख की २० लाख?

आर्यनची_आई
नमस्कार, उद्या सकाळी शाळेत जायचंय म्हणून लगेच उत्तर हवंय. मुलाच्या पेपरात गोव्याची २०११ ची लोकसंख्या १४,५८,५४५ दिली होती आणि ती राउंड करायची होती. त्याने १० लाख लिहिलं तर चूक दिलंय, बाजूला लाल पेनाने २० लाख लिहिलंय आणि दोन मार्क गेलेत. मलाही १० च वाटतंय पण नवरा म्हणतो बाईंचंच बरोबर असणार आणि सासरे म्हणतात १५ लाख. तीन माणसं तीन उत्तरं, कोणीतरी नीट सांगा प्लीज.

स्वप्ना_म
सासऱ्यांचं बरोबर आहे. १४ लाखाच्या पुढे ५८ हजार आहेत, ते ५० हजारांच्या वर गेले, म्हणून १५ लाख. १० पण चूक आणि २० पण चूक. पेपर काढणाऱ्यांनी जरा बघून काढायला हवा.

गोदाकाठ
ताई, राउंड कुठपर्यंत करायचं होतं? लाखापर्यंत, दशलक्षापर्यंत की आणखी कुठे? ते कळल्याशिवाय तिन्हीपैकी कुठल्याच उत्तराला बरोबर किंवा चूक म्हणता येत नाही. इयत्ता कुठली आणि प्रश्नातले शब्द काय होते ते जसेच्या तसे टाका.

पुणेकर७१
२० लाख बरोबर आहे. ५ किंवा ५ च्या पुढचा अंक आला की डावीकडच्या अंकात एक मिळवायचा, साधा नियम आहे. ५ आला म्हणून ८ च्या आधी थांबलो, ४ चा ५ झाला, आता १ च्या शेजारी ५ आला म्हणून १ चे २. झाले २० लाख.

आर्यनची_आई
पाचवी, सेमी इंग्लिश. प्रश्न असा आहे: "खालील संख्या जवळच्या दशलक्षापर्यंत पूर्ण करून लिहा." दशलक्ष लिहायचं राहिलं, सॉरी, माझ्या डोक्यात तेच होतं. आता सांगा.

गोदाकाठ
मग १० लाख बरोबर आहे. तुमच्या मुलाचं उत्तर बरोबर आहे.

कारण सांगतो. दशलक्षापर्यंत म्हणजे १०, २०, ३० लाख अशा टप्प्यांपैकी जो सगळ्यात जवळ तो. आपली संख्या १० लाख आणि २० लाख यांच्या मधे आहे. या दोघांचा बरोबर मध्य १५ लाख. १४,५८,५४५ हा मध्याच्या अलीकडे आहे, ४१,४५५ ने अलीकडे. १० लाखापासून तो ४,५८,५४५ लांब आहे आणि २० लाखापासून ५,४१,४५५ लांब. जवळचं कोण ते उघड आहे. एवढं वहीत लिहून दाखवलंत की वाद उरत नाही, नियम सांगत बसायची गरजच नाही.

पुणेकर७१ यांनी जे केलं ते मी चाळीसएक वर्गांत पाहिलंय. आधी लाखापर्यंत राउंड केलं, १५ लाख झाले, मग त्या १५ लाखाला पुन्हा राउंड केलं. दुसऱ्या वेळी मूळ संख्या हातात नव्हतीच, बदललेली संख्या होती. लाल पेनाने २० लाख लिहिलंय तेही याच वाटेने आलं असावं, कारण दुसरी वाट मला दिसत नाही. राउंड करताना हव्या त्या स्थानाच्या लगेच उजवीकडचा एकच अंक बघायचा. इथे दशलक्षाच्या उजवीकडे लाखाच्या घरात ४ आहे. चार म्हणजे खाली. त्याच्या उजवीकडचा ५ काय म्हणतोय याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही.

पुणेकर७१
आम्हाला उजवीकडून एकेक घर करत यायला शिकवलं होतं आणि आयुष्यभर हिशेब बरोबर आले. मग ते शिकवणारे चुकले काय?

गोदाकाठ
बहुतेक संख्यांना दोन्ही पद्धतींनी एकच उत्तर येतं म्हणून ते लक्षात येत नाही. मुंबईची २०११ ची लोकसंख्या घ्या, १,२४,४२,३७३. तुमच्या पद्धतीने एकेक घर करत या किंवा थेट करा, दशलक्षापर्यंत १ कोटी २० लाखच येतात. गोव्याच्या संख्येत मात्र ४ च्या मागे ५८ हजार उभे आहेत, ते ढकलून ४ चा ५ करतात आणि तो ५ पुढच्याला ढकलतो. चूक फक्त अशा ठिकाणी दिसते, ४ च्या मागे, किंवा ओळीने आलेल्या ४ च्या मागे, ५ किंवा मोठा अंक असला किंवा ढकलून तिथे ५ झाला की.

मनोज_एक्सेल
एवढं भांडण कशाला, शीटमध्ये टाकून बघा, A1 मध्ये संख्या लिहा आणि

```
=ROUND(A1,-6)
```

उत्तर १०००००० येतं. उणे ६ म्हणजे दशलक्ष, उणे ५ केलं तर लाख. आणि सराव शीट बनवणार असाल तर स्वल्पविराम आपल्या पद्धतीने यायला सेलच्या कस्टम फॉरमॅटमध्ये हे टाका:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

नाहीतर ते 1,458,545 असं छापतं. अजून एक, वर्डच्या मेल मर्जमध्ये हा फॉरमॅट गळून पडतो, नुसते आकडे येतात, तिथे TEXT फंक्शन वापरून आधीच मजकूर करून घ्यावा लागतो. उणे संख्यांना पण हे चालत नाही पण पाचवीला त्याची गरज नाही.

आर्यनची_आई
मनोज, मला शीट नाही बनवायची, मार्कांचं बोलायचंय. पण धन्यवाद, ROUND चं उत्तर बाईंना दाखवता येईल.

सॅनहोजेकर
इथे रविवारच्या मराठी शाळेत माझ्या मुलीचं नेमकं उलट होतं. ती 1,458,545 बघते तेव्हा पहिल्या स्वल्पविरामापाशी मिलियन, आणि मिलियन म्हणजेच दशलक्ष, त्यामुळे तुमचा प्रश्न तिला पटकन आला असता. पण लाखापर्यंत कर म्हटलं की अडकते कारण तिच्या स्वल्पविरामांत लाख ४५८ च्या पोटात लपलेला असतो, त्यातला ४ लाखाचा हे तिला दिसतच नाही. मी तिच्याकडून आधी स्वल्पविराम पुसून उजवीकडून तीन आणि मग दोन-दोन असे परत टाकून घेते. आणि मराठी अंकनावांचा तर प्रश्नच आहे, अठ्ठावन्न म्हटलं की ती ८५ लिहिते.

स्वप्ना_म
म्हणूनच २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात वीस सात आणलं होतं ना, सत्तावीसच्या ऐवजी. किती गदारोळ झाला होता.

पुणेकर७१
ते बरोबरच नव्हतं. आपली पद्धत दोन-दोन अंकांची आहे आणि प्रत्येक दोन अंकांना एकच शब्द आहे, चौदा लाख अठ्ठावन्न हजार. तोडून वीस सात केलं की ती गंमतच जाते.

सॅनहोजेकर
ज्याच्या घरी रोज मराठी ऐकू येत नाही त्या पोराला विचारा गंमत कुठे जाते ते. माझ्या मुलीला पन्नास आठ सांगितलं की एकदाही उलटं लिहीत नाही.

गोदाकाठ
हा विषय वेगळ्या धाग्यात घ्या, ताईंना उद्या जायचंय. ताई, एक काम आज रात्रीच करा. मुलाला विचारा की १० लाख कसं काढलंस. उत्तर बरोबर आहे म्हणून वाट बरोबर असेलच असं नाही. खात्रीसाठी महाराष्ट्राची लोकसंख्या द्या, ११,२३,७४,३३३, आणि जवळच्या लाखापर्यंत करायला सांगा. काही समजावू नका, नुसतं करू द्या.

आर्यनची_आई
केलं. त्याने ११,२३,००,००० लिहिलं. विचारलं कसं, तर म्हणतो लाखापर्यंतचे अंक लिहायचे आणि पुढे शून्य द्यायची. म्हणजे गोव्याला पण १ लिहून पुढे सहा शून्य दिलेत. मला आता काय बोलावं कळत नाही, मी मार्कांसाठी भांडायला निघाले होते.

गोदाकाठ
मार्क मागायला हरकत नाही, उत्तर बरोबरच आहे. पण तो राउंड करत नाहीये, कापतोय. महाराष्ट्राचं उत्तर ११,२४,००,००० हवं, कारण २३ लाखांच्या पुढे ७४,३३३ आहेत आणि लाखाचं अर्धं पन्नास हजार, त्याच्या वर गेले.

त्याला विस्तारित रूप येतं का बघा. १४,५८,५४५ चं असं मांडायला लावा: १०,००,००० + ४,००,००० + ५०,००० + ८,००० + ५०० + ४० + ५. यात ५ हा अंक तीनदा आलाय, एकदा पन्नास हजार, एकदा पाचशे आणि एकदा नुसता पाच. दर्शनी किंमत तीच पण स्थानिक किंमत किती लांब लांबच्या. हे दिसलं की "पाच आला की वर" हा नियम आंधळेपणाने लावता येत नाही. मग दशलक्षाचा तुकडा हाताने झाका आणि विचारा, उरलेले तुकडे मिळून किती? ४,५८,५४५. दशलक्षाचं अर्धं किती? ५ लाख. उरलेलं अर्ध्याहून कमी, तर झाकलेला तुकडा तसाच राहतो, जास्त किंवा बरोबर अर्धं असेल तर एक टप्पा वाढतो. माझ्या वर्गात मी सुतळी बांधायचो, एका टोकाला १० लाखाची चिठ्ठी, दुसऱ्या टोकाला २० लाखाची, मधे गाठ. मुलं चिमटा लावून गोवा कुठे ते दाखवायची. गाठीच्या किंचित अलीकडे लागला की कुणाला नियम सांगावा लागायचा नाही.

मनोज_एक्सेल
बरोबर अर्धं असेल तर वरच का? काही ठिकाणी सम अंकाकडे नेतात, २५ लाखाचे २० होतात.

गोदाकाठ
खरं आहे, तोही संकेतच आहे, पण शाळेत वर नेतात आणि तुमचं ROUND पण २५ लाखाचे ३० च करतं. पाचवीत एकच ठेवा.

पुणेकर७१
सुतळीवर बघितलं तर २० लाख लांब दिसतो हे मान्य. पण पद्धत पूर्ण चुकीची आहे हे अजून पटत नाही, बँकेत वर्षानुवर्षं केलंय.

आर्यनची_आई
सुतळी नव्हती, ओढणी बांधली, खुर्ची ते दरवाजा. गोवा, महाराष्ट्र दोन्ही त्याने बरोबर लावले. मग मी पुणे जिल्हा दिला, ९४,२९,४०८, जवळच्या कोटीपर्यंत. आधी म्हणाला कोटीचा अंकच नाही म्हणून शून्य. मग ओढणीच्या एका टोकाला ० आणि दुसऱ्याला १ कोटी लिहिलं तर चिमटा जवळजवळ दरवाजाला लागला आणि आपणहून १ कोटी म्हणाला.

आता त्याचा प्रश्न आहे आणि मला उत्तर येत नाही. गोवा कोटीपर्यंत केला तर शून्य येणार का? म्हणजे गोव्यात कोणीच राहत नाही असं लिहायचं का, असं विचारतोय.

गोदाकाठ
हो, कोटीपर्यंत केला तर शून्यच. ५० लाखाच्या खूप अलीकडे आहे तो. त्याला सांगा माणसं तेवढीच आहेत, आपण मोजायला घेतलेलं माप फार मोठं आहे. मग त्यालाच विचारा की गोव्यासाठी कुठलं माप घ्यावं, लाख की दशलक्ष, आणि का. काय म्हणाला ते इथे लिहा.