ही वेल कुठली? (फोटो आहेत)

अवनी: कुंपणाच्या जाळीवर आपोआप एक वेल आली आहे. पहिल्या फोटोत जाळीभर पसरलेली दिसेल. दुसऱ्यात पान आहे, बदामी आकाराचं, तळहाताहून मोठं. तिसऱ्यात कोवळा शेंडा. पावसाच्या आधी यातलं काहीच नव्हतं, आता मोगरा पार झाकून टाकलाय. नाव सांगा, ठेवू की उपटू? जरा लवकर.

रानवाट: गुळवेल. शंभर टक्के. उपटू नका, औषधी आहे.

पानगळ: शंभर टक्के कशावरून? फोटोत खोड कुठे आहे? अवनी, खोड गोल की चौकोनी? पानं समोरासमोर की एकाआड एक? वरून दोऱ्यासारखी मुळं लोंबतात का?

मृण्मयी: माझ्या मनीप्लांटची पानंही बदामीच, पण पिवळी पडतायत. पाणी जास्त होत असेल का?

अवनी: खोड गोल, गुळगुळीत. पानं एकाआड एक. मुळं नाहीत. पानांच्या बेचक्यात तपकिरी, खडबडीत गोळे आहेत, बटाट्याएवढे. कीड वाटली म्हणून फोटो नाही काढला.

बागडा: कीड असेल तर कडुलिंबाचं तेल फवारा, आठवड्यातून एकदा.

पानगळ: बागडा, फवारू नका म्हणावं, ती कीड नाही! ओळख त्या गोळ्यांतच आहे. ते वेलीवर धरणारे कंद, म्हणजे हा कारंदा. आता पान उजेडाकडे धरून बघा: देठापासून निघालेल्या शिरा कमानीसारख्या टोकाकडे वळतात आणि त्यांच्या मधे बारीक आडव्या शिरा शिडीच्या पायऱ्यांसारख्या दिसतात. गुळवेलीला असे कंद धरत नाहीत. तिच्या जून खोडाची साल कागदासारखी सुटते, आत हिरवं असतं.

रानवाट: कंद तर कोनफळाच्या वेलीलाही धरतात. मग?

पानगळ: धरतात, कबूल. पण कोनफळाचं खोड चौकोनी, कडांना पातळ पट्ट्या, आणि वरची पानं समोरासमोर. अवनीने खोड गोल सांगितलंय.

अवनी: अच्छा! मग हे खायचे का?

रानवाट: खातात की. उकडून.

पानगळ: अहो, थांबा! लागवडीतला कारंदा खातात, पण रानातला कडू असतो आणि विषारीही. तुमचा कुठला, ते फोटोवरून कोणी सांगू शकणार नाही. चाखूनही बघू नका.

रानवाट: नीट शिजवला की कडवटपणा जातो, मी खाल्लाय.

पानगळ: तुम्ही खाल्लेला कुठला होता, ते माहीत आहे? अवनी, काढायची असेल तर नुसती कापू नका, जमिनीतल्या कंदातून पुन्हा फुटेल. आधी वेलीवरचे कंद वेचून घ्या, खाली जुनी चादर अंथरा. घरंगळलेला एकेक कंद पुढच्या पावसात नवी वेल होतो. थंडीत वेल वाळते, ती मेली समजू नका.

मृण्मयी: मनीप्लांटचं कोणी सांगेल का?

अवनी: चादर अंथरलीये. जमिनीतला कंद किती खोल असतो?