शाळेच्या नव्या खोलीला भेग, ठेकेदाराची दोषदुरुस्तीची मुदत म्हणजे डीएलपी १४ जूनला संपते. आता काय करावं?

शाळासमिती_यवतमाळ
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या शाळेत दोन वर्षांपूर्वी दोन वर्गखोल्या नवीन झाल्या. जमीन कापसाची काळी. पूर्वेकडच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यापासून छताकडे तिरपी भेग गेली आहे. वर बोटाचं पेर जाईल एवढी रुंद, खिडकीजवळ केसासारखी. ठेकेदार म्हणतो, उन्हाळ्यात जमीन फाटते, पावसात भेग आपोआप मिटते, मिस्त्री पाठवून सिमेंट भरून रंग मारून देतो, फक्त मुख्याध्यापकांनी दुरुस्ती झाल्याच्या कागदावर सही द्यावी. मुख्याध्यापक म्हणतात, शाळा उघडल्यावर बघू. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडते. तोवर मुदत संपलेली असेल. सही द्यावी का? आणि लेखी तक्रार कोणाकडे करायची, ठेकेदाराकडे की पंचायत समितीकडे?

नवीघरं
घाबरू नका. रेरा कायद्यात बांधकामाच्या दोषाला पाच वर्षं जबाबदारी आहे, तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यावं लागतं. दोनच वर्षं झाली, म्हणजे तुमच्या हातात अजून तीन आहेत.

काळीमाती
मायं घरकुल मागच्या साली झालं, स्लॅब टपकते. मिस्त्री फोनच उचलत नाही. त्याले बी हे डीएलपी लागते का भाऊ?

शाखा_अभियंता_निवृत्त
नवीघरं, पाच वर्षं आणि तीस दिवस बरोबर, पण ते बिल्डर आणि घर घेणाऱ्यामधलं नातं आहे. सरकारी शाळा बांधणारा ठेकेदार त्यात येत नाही. इथे चालतो तो विभागाने ठेकेदाराशी केलेला करारनामा. मुदत त्यातच लिहिलेली असते आणि प्रत्येक कामाची वेगळी असू शकते.

काळीमाती, घरकुल लाभार्थी स्वतः बांधतो, म्हणून तिथे विभागाचा ठेकेदारही नाही आणि विभागाने अडकवलेली त्याची सुरक्षा ठेवही नाही. मिस्त्रीशी कागद केला असेल तर तोच आधार. तुमच्या स्लॅबचा वेगळा धागा काढा, फोटो टाका, मी तिथे लिहितो.

आता शाळेचं. सही देऊ नका. मुदतीच्या आत दोष लेखी कळवला की तो नोंदला जातो आणि दुरुस्ती नंतर झाली तरी जबाबदारी ठेकेदाराचीच राहते. पण 'दुरुस्ती समाधानकारक' असा कागद गेला की विभाग सुरक्षा ठेव मोकळी करतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात भेग परत उघडली तर धरायला काही उरत नाही.

तारीखही तपासा. मुदत लोकार्पणापासून मोजत नाहीत, पूर्णत्वाच्या दाखल्यावरच्या तारखेपासून मोजतात. उद्घाटन महिनाभर उशिरा झालेलं असतं आणि गावात तीच तारीख लक्षात राहते. १४ जून कुठून आली ते बघा.

शाळा करारात पक्षकार नाही, म्हणून अर्ज बांधकाम उपविभागाला द्या आणि आवक क्रमांक घ्या. ठेकेदाराला नुसती प्रत. अर्जात 'भेग पडली' एवढ्यावर थांबू नका. कोणती भिंत, कुठून कुठवर, वर किती रुंद, खाली किती, पहिल्यांदा कधी दिसली, हे लिहून संयुक्त पाहणी मागा. मुख्याध्यापक सुट्टीवर असतील तर समितीच्या अध्यक्षांनी सही करून द्यावा, थांबू नये.

शाळासमिती_यवतमाळ
सर, दाखला बघितला, तारीख बरोबर आहे. पण ठेकेदाराचं म्हणणं खोटं आहे का? मागच्या पावसाळ्यात भेग खरंच बारीक झाली होती.

शाखा_अभियंता_निवृत्त
तो खरंच सांगतोय, पण त्यातून भरून टाकायचं कसं निघतं? काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात इमारतीच्या कडेची माती आधी वाळते, मधली ओल धरून राहते. कोपरा खाली बसतो आणि वरच्या अंगाला रुंद अशी तिरपी भेग पडते, अगदी तुम्ही लिहिलीत तशी. मे महिन्यात ती पूर्ण उघडी असताना सिमेंट भरलं तर पावसात माती कोपरा वर उचलते, भेगेला मिटायला जागा राहत नाही आणि आजूबाजूचा गिलावा फुगून पडतो. मग तुमच्याकडे एकाच्या दोन भेगा.

आज एवढं करा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहा. मधोमध काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना पक्की चिकटवा. काच तडकली तर भेग अजून चालतेय. शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा आणि ऑगस्टमध्ये त्याच जागेवरून पुन्हा काढा.

सेंट्रिंगवाला
मी स्वतः ठेकेदार आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. एस्टिमेट विभागाचं, पायाची खोली विभागाची, माप घेणारा विभागाचा. आम्ही नकाशाप्रमाणे बांधलं आणि जमिनीनेच दगा दिला तर आमची ठेव का अडकवायची? डीएलपी खराब माल आणि खराब कारागिरीसाठी असते. आणखी एक विचारतो, त्या भिंतीलगत पाणी सोडलंय का कोणी? आमच्या एका कामावर छताच्या पाइपचं पाणी थेट पायथ्याशी पडत होतं आणि दोष मात्र आमच्या नावावर.

शाळासमिती_यवतमाळ
त्या भिंतीलगत मागच्या वर्षी दुसऱ्या योजनेतून हात धुवायचे नळ बसवले. सांडपाण्याची नाली नाही, पाणी तिथेच मुरतं. हे सांगावं की नको?

शाखा_अभियंता_निवृत्त
सांगा. पाहणीत ते दिसणारच आहे, लपवलंत तर बाकीच्या तक्रारीचं वजन जाईल. सेंट्रिंगवाल्यांचा मुद्दा खरा आहे, आणि तो खड्डा घेऊनच तपासता येतो. कनिष्ठ अभियंता आणि ठेकेदार दोघांसमोर कोपऱ्यापासून थोडं बाजूला, भिंतीलगत खड्डा घ्या. पायाच्या तळापर्यंतच जायचं, तळाखालची माती उकरायची नाही. पाया किती खोल आहे आणि खाली मुरुमाचा थर आहे का ते मोजा आणि मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदीशी लावून बघा. पुस्तिकेत दीड मीटर आणि जागेवर एक मीटर निघाला तर ठेकेदाराला बोलायला जागा नाही, आणि माप लिहिणाऱ्यालाही उत्तर द्यावं लागेल. नोंद आणि खड्डा जुळले तर प्रश्न डिझाइनचा किंवा तुमच्या नळाच्या पाण्याचा. मग ठेकेदाराच्या ठेवीतून तो खर्च काढणं अवघड. खड्डा त्याच दिवशी थराथराने ठोकून बुजवा, उघडा राहून पहिला पाऊस आत गेला तर कोपरा आणखी बसेल.

कोणाच्याही पदरी खर्च पडो, क्रम एकच. आधी नळाचं पाणी नालीने लांब न्या, छताचे पाइप पायथ्यापासून पुढे काढा, भिंतीभोवतीची फरशी बाहेरच्या उताराची करा. मग एक पावसाळा काचपट्टी बघा. ती शाबूत राहिली तरच भेग खोदून, जाळी लावून भरायची.

सेंट्रिंगवाला
खड्ड्याला माझी हरकत नाही. पण फरशी एस्टिमेटमध्ये होती का तेही बघा. बहुतेक शाळांच्या कामात ती रक्कम संपली म्हणून वगळलेली असते. वगळली असेल तर ते काम ठेकेदाराने फुकट करावं, हे मला पटत नाही.

शाखा_अभियंता_निवृत्त
वगळली असेल तर तो दोष नाही, राहिलेलं काम आहे, त्याला वेगळा निधी लागेल. एस्टिमेट मागवा, मग बोलू.

शाळासमिती_यवतमाळ
अर्ज दिला, आवक क्रमांक मिळाला. कनिष्ठ अभियंत्यांनी पुढच्या आठवड्यात पाहणीला यायचं तोंडी सांगितलं आहे, ते लेखी मागितलंय. नळ सध्या बंद केले. फरशी एस्टिमेटमध्ये होती की नव्हती ते अजून कोणी सांगत नाही.

काळीमाती
सर, नवा धागा काढला. फोटो टाकले.