मदत हवी आहे : तापलेल्या गाडीत चार तास राहिलेले सामान

काल दुपारी सामानाची एक पिशवी उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत चार तास विसरली. कच्चे चिकन आणि दूध मी टाकून दिले. कारण ३२ अंशांच्या वर असे पदार्थ तासाभरापेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि काही जिवाणूंनी सोडलेले विष उकळूनही नष्ट होत नाही, हे ठाऊक होते. (वास मात्र अगदी ताजा होता, म्हणूनच हात अडखळला.) पीठ, साखर ठेवली आहे. प्रश्न उरतो तो फ्रीजमधून घेतलेल्या, घरी आणेपर्यंत कवचावर दव धरलेल्या अंड्यांचा आणि कडेने तेल सुटलेल्या कडक चीजचा. यांपैकी काय टाकावे, कृपया कारणासह सांगाल का?