गेमिंग अकाउंटचं नाव बदललंत का? खर्च किती आला, मित्रांना काय दिसलं?

नववीत असताना जुळे सोलापुरातल्या घरी मोठ्या भावाच्या पीएस४ वर माझं अकाउंट उघडलं आणि नाव ठेवलं Headshot_Dada413. चारशे तेरा म्हणजे आपल्या पिनकोडचे पहिले तीन आकडे, तेव्हा फार भारी वाटलं होतं. आता पुण्यात नोकरीला आहे. रविवारी ऑफिसची मंडळी ऑनलाइन जमतात आणि आमच्या मॅनेजर मॅडम माईकवर "दादा, मागं बघा" म्हणून ओरडतात. नाव बदलायचंय. पैसे किती पडतात, आणि सोलापूरच्या दोस्तांना मी ओळखू येईन का? ज्यांनी स्वतः बदललंय त्यांनी लिहा.

पार्कचौक_कट्टा: सोपं आहे बे. शॉपमधनं रिनेम कार्ड घे, १८० यूसी. त्याआधी इन्व्हेंटरी बघ, मिशनमध्ये मिळालेलं फुकटचं कार्ड तिथंच पडलेलं असतं. मी न बघता विकत घेतलं आणि मग ते सापडलं.

धागाकर्ता: दादा, ते बीजीएमआयचं झालं. मी प्लेस्टेशनचं विचारतोय.

शेंगाचटणी: प्लेस्टेशनला एकदाच बदलता येतं, फुकट. नंतर कायमचं बंद. आणि महिनाभर सगळ्यांना जुनं नाव दिसतंच, त्याला इलाज नाही.

विजापूररोड: अर्धं बरोबर. पहिला बदल फुकट, हे खरं. पुढं बंद होत नाही, पैसे लागतात. एप्रिल २०१९ मध्ये ही सोय आली तेव्हा अमेरिकेत दर होता ९.९९ डॉलर, पीएस प्लस असेल तर ४.९९. आपल्याकडे रुपयांत किती ते पैसे भरायच्या आधी स्क्रीनवर येतं, तिथंच बघ. म्हणून फुकटचा पहिला बदल गमतीत घालवू नकोस.

जुन्या नावाचं म्हणशील तर ते तुझ्या हातात आहे. बदलताना विचारतात, नव्या नावाशेजारी जुनं नाव ३० दिवस दाखवायचं का? मी "हो" केलं. माझ्या यादीत सत्तरेक जण, त्यातले निम्मे मला फक्त त्या नावानंच ओळखतात. "नाही" केलं असतं तर एखाद्यानं अनोळखी समजून मला काढून टाकलं असतं. पण हा निर्णय तिथंच घ्यायचा, नंतर फिरवता येत नाही. तुझ्या मॅडमनाही तो महिनाभर "दादा" दिसणार, हे धरून चाल.

मित्रांची यादी आहे तशीच राहते, कारण अकाउंट तेच असतं. लॉगिन ईमेलनं, त्यालाही धक्का नाही. नाव ३ ते १६ अक्षरांचं, इंग्रजी अक्षरं, आकडे, - आणि _ एवढंच चालतं. मधे जागा सोडता येत नाही.

गड्ड्याचीजत्रा: माझं मात्र वाटोळं झालं होतं. नाव बदललं आणि एका जुन्या रेसिंग गेममधली सगळी प्रगती गायब, गाड्या शून्य. रात्री अकराला हे बघितलं, झोप उडाली.

विजापूररोड: गेम कधीचा? १ एप्रिल २०१८ नंतर निघालेल्या पीएस४ गेममध्ये सहसा अडचण येत नाही. त्याआधीच्या काहींत जुनं नावच दिसत राहतं, काहींत सेव्ह किंवा विकत घेतलेल्या वस्तू सापडत नाहीत, कारण गेमनं हिशेब त्या नावावरच ठेवलेला असतो. बदलताना ही सूचना येते, आपण वाचत नाही. पीएस३ आणि व्हिटावर तर ही सोयच नाही.

गड्ड्याचीजत्रा: गेम २०१५ चा. शेवटी जुनं नाव परत घेतलं. परत फिरायला पैसे लागत नाहीत आणि मधल्या काळात आपलं जुनं नाव दुसऱ्या कुणाला देत नाहीत. गाड्या आल्या, पण एका शर्यतीची नोंद नाहीच आली. ती नाव बदलल्यामुळं गेली की मीच कधी पुसली, अजून कळलेलं नाही.

हुतात्मा_रविवार: ऑफिससाठीच बदलत असशील तर आधी खरं नाव दाखवायची सोय बघ. ज्यांना तू परवानगी देशील त्या मित्रांना आयडीसोबत खरं नाव दिसतं. मी ऑफिसच्या पाच जणांपुरतं ते केलं, आयडी जुनाच ठेवला. लॉबीतल्या परक्यांना मात्र आयडीच दिसतो, म्हणजे तिथं "हेडशॉट दादा"च.

शेंगाचटणी: बदलायचं कुठं हे कुणीच सांगितलं नाही की!

विजापूररोड: पीएस५ वर सेटिंग्जमध्ये युजर्स अँड अकाउंट्स, मग अकाउंट, प्रोफाइल आणि Online ID. आधी जुने गेम लावून सेव्ह तपास, मगच हात घाल.

धागाकर्ता: केलं. जुनं नाव ३० दिवस ठेवलंय. अशोक चौकातल्या मित्राचा दहा मिनिटांत फोन: "दादा बदललास काय बे, पगार वाढला वाटतं?" २०१६ चा एक गेम आहे माझ्याकडं, तो अजून भीतीनं उघडलेला नाही.