डेस्कटॉपवर ब्लूटूथ हेडफोन तुटतो, 2 हजारापर्यंत नवीन कोणता घेऊ?

तर्रीपोहा: मनीषनगरला फ्लॅट आहे, बेडरूममध्ये डेस्कटॉप, मागच्या यूएसबीत ब्लूटूथचा डोंगल. किचनमध्ये गेलो की आवाज तुटतो ते समजू शकतो, पण रात्री तर खुर्चीवर बसल्या बसल्या पण अडकून रायला. फोनला लावला की मस्त चालतो. कोणता घेऊ सांगा.

विदर्भभाऊ: हेडफोन नको घेऊ, डोंगल बदल. 5.3 वाला घे, रेंज चौपट, भिंतीबिंती आरपार.

सदरचा_वायरमन: चौपट रेंज त्या खोक्यावर लिहिलेली असते भाऊ, पण ती कमी डेटाच्या लाँग रेंज मोडची, हेडफोनवर गाणं ज्या जुन्या पद्धतीनं जातं तिला तो मोड लागूच नाही. डोंगल बदलून थोडाफार फरक पडेलही, पण आधी हे सांग, डोंगलच्या बाजूच्या पोर्टात काय आहे आणि रात्री काय चालू असतं?

तर्रीपोहा: निळ्या पोर्टात हार्ड डिस्क, रात्री बॅकअप चालतो. तिचा काय संबंध?

सदरचा_वायरमन: तिचाच तर आहे. यूएसबी 3 वर डेटा धावला की पोर्ट आणि केबलमधून जो कचरा बाहेर पडतो तो 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास पण पसरतो, ब्लूटूथ तिथेच चालतं. ते सारखं चॅनल बदलून खराब जागा टाळत असतं, पण कचरा सगळीकडेच असला तर पळून जाणार कुठे. बॅकअप चालू असताना गाणं लाव, मग कॉपी थांबवून डिस्क काढ. तुटणं लगेच थांबलं तर चोर सापडला. मग मीटरभराची साधी यूएसबी 2 ची एक्स्टेन्शन घे आणि डोंगल टेबलावर आण. कॅबिनेटच्या पत्र्यामागून पण सुटतो.

संत्राबर्फी: आमच्याकडे कूलर लावला की खिडकीतला स्पीकर तुटतो, म्हणजे कूलरची मोटर खराब आहे का? फोन हॉलमध्ये असतो.

सदरचा_वायरमन: ताई, कूलर जागेवरच ठेवून नुसता बंद करून पाहा. तरी तुटलं तर मोटर बिचारी निर्दोष, पत्र्याची बॉडी आणि ओल्या ताट्या मधात येऊन रायल्या. पाणी हे सिग्नल पितं, आपलं अंग पण पितं, फोन मागच्या खिशात ठेवला की म्हणूनच तुटतो. स्पीकर कूलरच्या अलीकडे घ्या.

संत्राबर्फी: बंद केला तरी तुटतोच 😅 पण अलीकडे प्लगच नाही.

तर्रीपोहा: डिस्क काढली आणि लगेच थांबलं! 150 ची केबल आणली, आता बॅकअप चालू असला तरी खुर्चीवर एकदम क्लिअर. किचनमध्ये मात्र फ्रिजपाशी गेलो की अजून जातोच.

सदरचा_वायरमन: मधात काय आहे?

तर्रीपोहा: दोन भिंती, एक आरसीसी कॉलम, आणि राऊटर त्याच लाइनीत.

सदरचा_वायरमन: राऊटरच्या 2.4 मध्ये चॅनल विड्थ 40 असेल तर 20 कर, पीसी आणि फोन 5 गिगाहर्ट्झवर टाक. कॉलममधल्या सळईचं मात्र काही करता येत नाही, डोंगल दाराच्या सरळ रेषेत आणता आला तर बघ.

विदर्भभाऊ: नाहीतर 5.3 घे 😄

तर्रीपोहा: विड्थ 20 केली, बहुतेक थोडं सुधारलं, बहुतेक भास पण असेल. केबल दारापर्यंत पुरत नाही, 3 मीटरची चालेल का?