मदत हवी आहे: पुतणीची उंची चुलीच्या धुरामुळे कमी आहे का? चिमणी बसवू की चूल काढू?

वऱ्हाडी_माणूस
पुतणीची उंची अंगणवाडीत ७९.६ भरली. वयाच्या मानाने कमी आहे असं ताईंनी सांगितलं. घरी चूल आहे, धूर भरपूर होतो. लहान मुलांची उंची धुराने खुंटते असं वाचलं. रविवारी गावी जातोय (जि. यवतमाळ), मिस्त्री सांगून ठेवलाय. चिमणी बसवू की चूलच काढून टाकू? लवकर सांगा आणि शक्यतो मुद्द्याचं.

केतकी
वय किती? जन्माचं वजन किती? पूर्ण दिवसांची होती का? गॅस घरात आहे की नाही?

मेघना_ठाणे
आमच्या किचनमध्येही फोडणीचा धूर फार होतो. बॅफल फिल्टरची चिमणी घ्या, जाळीचा फिल्टर तेलाने चोंदतो आणि मग मोटर नुसता आवाज करते. फिल्टर पंधरा दिवसांनी गरम पाणी आणि सोड्यात भिजवायचा.

वऱ्हाडी_माणूस
@मेघना, चूल लाकडाची आहे हो. गावात घर आहे.
@केतकी, मागच्या आठवड्यात दोन वर्षांची झाली. गॅस आहे. चिमणीचं सांगा ना कोणीतरी.

शेतकरीपुत्र
दोन वर्षांच्या मुलीसाठी बुटकेपणाची रेषा ७९.३ ला आहे. तुमची ७९.६, म्हणजे रेषेच्या वर. काळजीचं कारण नाही. चिमणी मात्र बसवा, धूर बंद झाला की राहिलेली उंची भरून निघते.

निरंजन
थांबा. ७९.३ ही *उभं* मोजलेल्या उंचीची रेषा आहे. मुलीला उभं करून मोजलं की आडवं झोपवून?

वऱ्हाडी_माणूस
आता वहिनीला फोन केला. उभी राहिना, रडत होती, म्हणून पाटावर झोपवून मोजलं.

निरंजन
मग हिशोब बदलतो. तेच मूल झोपवून मोजलं तर उभ्यापेक्षा सरासरी ०.७ सेंमी जास्त भरतं. दोन वर्षांच्या आत झोपवून मोजायचं आणि दोन पूर्ण झाल्यावर उभं, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या तक्त्यांचा नियम आहे. दोन पूर्ण झालेलं मूल झोपवून मोजलं तर आलेल्या आकड्यातून ०.७ वजा करायचे. ७९.६ चे झाले ७८.९, म्हणजे रेषेच्या खाली. अंगणवाडी ताईंचं म्हणणं बरोबर आहे. या वयाच्या मुलींची मध्यम उंची ८५.७ आहे, म्हणजे पावणेसात सेंटिमीटरची तूट.

तरी एकाच मोजणीवर जाऊ नका. रडणाऱ्या मुलीचे गुडघे वर येतात आणि अर्धा-पाऊण सेंटिमीटर सहज चोरला जातो. दोन माणसं लागतात. एकाने डोकं वरच्या पट्टीला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे हलके दाबून सरकती पट्टी दोन्ही तळव्यांना भिडवायची. डोक्यावर शेंडी किंवा क्लिप नको, पायात काही नको. दोनदा मोजा. दोन आकड्यांत ०.७ पेक्षा जास्त फरक आला तर दोन्ही सोडून पुन्हा मोजा. आणि दर महिन्याला मोजून जीव काढू नका. या वयात तीन महिन्यांत साधारण अडीच सेंटिमीटर वाढ अपेक्षित असते, ती तीन महिन्यांनीच नीट दिसते.

केतकी
जन्माचं वजन अजून सांगितलं नाहीत.

वऱ्हाडी_माणूस
कार्डावर २.१ किलो लिहिलंय. नववा लागला तेव्हा झाली. पण माझा प्रश्न धुराबद्दल आहे.

केतकी
धुराबद्दलच बोलतेय. अडीच किलोच्या खाली जन्मलेलं मूल सुरुवातच मागून करतं. चुलीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आईच्या रक्तात जाऊन प्राणवायूची जागा घेतो, बाळाला कमी मिळतो. म्हणजे धुराचा काही भाग तिच्या जन्माआधीच होऊन गेलेला असू शकतो. आता चिमणी बसवून तो परत येणार नाही. वहिनी गरोदरपणात चुलीपाशीच होत्या का? आणि बाळंतपणात शेक-शेगडी, धुरी?

वऱ्हाडी_माणूस
हो, सगळं रीतीप्रमाणे. सव्वा महिना खोलीत शेगडी, बाळाला आंघोळीनंतर ओवा-वावडिंगाची धुरी.

शेतकरीपुत्र
धुरी औषधी असते, तिला चुलीच्या धुरात धरू नका. पिढ्यान् पिढ्या चालत आलंय.

केतकी
निखाऱ्यावर ओवा टाकला काय किंवा गोवरी टाकली काय, बारीक कण तेच आणि दार-खिडकी बंद केलेल्या खोलीत. निखाऱ्यातून धूर दिसत नाही तेव्हाही कार्बन मोनॉक्साइड येत असतो, ती भीती वेगळीच. पुढचं बाळ होईल तेव्हा शेक द्यायचा तर गरम पाण्याच्या पिशवीने द्या. मच्छर कॉइलही लावत असाल तर बंद करा. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण निघतात हे मोजलेलं आहे. मच्छरदाणी लावा.

निरंजन
शेतकरीपुत्रांनी आधी लिहिलेल्या "उंची भरून निघते" वर बोलायला हवं, कारण मिस्त्रीचे पैसे त्यावरच खर्च होणार आहेत.

धूर आणि उंचीचा संबंध दिसतो, तो बहुतेक पाहणीच्या अभ्यासांत. दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (१९९८-९९) लाकूड-शेणी जाळणाऱ्या घरांत तीव्र बुटकेपणा जास्त आढळला होता. पण चूल असलेलं घर बहुतेक गरीबही असतं, त्यामुळे धूर किती आणि ताटातली डाळ किती हे वेगळं काढणं अवघड. २०१९ मध्ये देशभरच्या दोन लाखांहून अधिक मुलांवर बाहेरच्या हवेचा असाच अभ्यास झाला. जन्माच्या महिन्यात बारीक कण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमने जास्त असतील, तर पाच वर्षांच्या मुलीत ०.२४ सेंमी तूट निघाली. चुलीची हवा याहून वाईट असते आणि हा हिशोब तिला जसाच्या तसा लागू होत नाही. तरी पाव सेंटिमीटर आणि पावणेसात सेंटिमीटर शेजारी ठेवून बघा. सगळी तूट धुरावर टाकली तर अन्न, हगवण, जंत, आईची उंची हे तपासायचंच राहून जाईल.

याहून पक्कं उत्तर हॅपिन या चाचणीतून आलं. भारत (तमिळनाडू), ग्वाटेमाला, पेरू, रवांडा इथल्या सुमारे ३,२०० गरोदर बायकांपैकी चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना गॅस आणि दीड वर्षं सिलिंडर फुकट दिले. बायकांच्या श्वासातले बारीक कण सुमारे दोनतृतीयांशाने घटले. बाळं वर्षाची झाली तेव्हा बुटकेपणात फरक पडला नाही. जन्माच्या वजनातही नाही.

शेतकरीपुत्र
म्हणजे धूर चालू द्यायचा? डोळे चुरचुरतात, पोरं खोकतात, हे डोळ्यांनी दिसतं. परदेशी चाचणीने काय होतं?

निरंजन
धूर बंदच करायचा. आईचा दमा, डोळे, फुप्फुसं यांसाठी करायचा. उंचीसाठी मात्र त्याच्या भरवशावर राहू नका एवढंच म्हणतोय. आणि चाचणीत तमिळनाडूची खेडी होती.

केतकी
निरंजन, त्या चाचणीवर तुम्ही जास्तच भार टाकताय. बायका चाचणीत आल्या त्या गरोदरपणाचे नऊ ते वीस आठवडे झाल्यावर, म्हणजे सुरुवातीचे महिने धुरातच गेले. बाहेरची हवा आणि शेजाऱ्यांची चूल तशीच होती. आणि उंची वर्षाला मोजली, पुढचं त्यातून कळत नाही. फरक नाही याचा अर्थ "या वेळी सुरू करून, एवढ्या घटीने, वर्षभरात फरक नाही" इतकाच.

निरंजन
सुरुवातीच्या महिन्यांचा मुद्दा मान्य. पण गावात एकट्या घराने चूल बंद केली तर याहून जास्त घट होणार नाही, म्हणून वऱ्हाडींच्या घरासाठी तेच उत्तर जवळचं आहे असं माझं मत.

दत्ता_आर्णी
तात्त्विक चर्चा छान, पण त्यांनी चिमणीचं विचारलंय. गॅस असताना चूल कशासाठी पेटते ते सांगा आधी.

वऱ्हाडी_माणूस
भाजी-चहा गॅसवर. आंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवर. सरपण पऱ्हाटीचं. चूल स्वयंपाकघरातच, कौलारू छप्पर. पोरगी सकाळी वहिनीच्या कडेवरच असते.

दत्ता_आर्णी
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. मग पहिला घाव पाण्यावर घाला, भाकरीवर नाही. पाणी तापायला सगळ्यात जास्त वेळ जाळ लागतो आणि गॅस असलेल्या घरात चूल जिवंत राहते ती बहुतेक त्याच्यामुळेच. हिशोब करून बघा: १५ लिटरची बादली २० अंशांवरून ४२ पर्यंत न्यायला साधारण ५५ ग्रॅम गॅस लागतो. चार बादल्या रोज म्हणजे महिन्याला साडेसहा किलो, जवळजवळ अर्धं सिलिंडर. म्हणून कोणी गॅसवर पाणी ठेवत नाही. विजेच्या रॉडने तेच काम बादलीला सुमारे ०.४ युनिटमध्ये होतं. रॉड लावाल तर अर्थिंग असलेलाच पॉइंट, बादली प्लास्टिकची, स्विच बंद केल्याशिवाय पाण्यात हात नाही आणि पोरगी तिथे फिरकणार नाही अशी जागा. वीज जात असेल तर पाण्याची चूल अंगणात न्या, पण दाराच्या आणि खिडकीच्या वाऱ्याच्या खालच्या बाजूला. ओट्याला खेटून ठेवलेला बंब सगळा धूर घरातच पाठवतो.

चिमणी बसवायचीच तर ४ इंची पाइप, सरळ वर, वाक असलाच तर एक, आणि तोंड कौलांच्या आढ्यापेक्षा दोन फूट वर. वळचणीखाली तोंड काढलं की धूर कौलांच्या फटींतून परत आत येतो. चूल दोन भांड्यांची असेल तर वैलावरही नेहमी भांडं हवं. ते मोकळं राहिलं तर पाइपची ओढ मोडते आणि धूर तिथूनच वर येतो. महिन्याने काजळी काढा. पऱ्हाटी ओली असेल तर त्याआधीच पाइप चोंदेल.

केतकी
चिमणीने स्वयंपाकघरातला धूर खूप घटतो, मुलाच्या नाकापर्यंतचा तेवढा नाही. ग्वाटेमालात चिमणीच्या चुली दिल्या तेव्हा मुलांच्या वाट्याचा धूर निम्म्यावरच आला, कारण बाहेर काढलेला धूर अंगणात फिरत राहतो. आणि कडेवर घेणं आधी थांबवा. धूर गरम असतो, छताखाली साचून खाली उतरतो. भिंतीवर काजळीची कड कुठपर्यंत आलीय ते रविवारी बघा. तिच्या वर जे डोकं असेल ते धुरात. कडेवरची पोरगी तिथे पोचते, जमिनीवर बसलेली बऱ्याचदा खाली राहते. सगळ्यात चांगलं म्हणजे जाळ असेतो तिला दुसऱ्या घरात आजीकडे.

मेघना_ठाणे
हवा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते आणून आधी-नंतर बघता येईल का?

निरंजन
तुलनेसाठी चालेल, आकड्यावर विश्वास नको. ही यंत्रं प्रकाश विखुरण्यावर चालतात. दाट धुरात आणि पावसाळी दमटपणात आकडा भरकटतो. एकाच जागी, पोरगी असते त्या उंचीवर, चुलीपासून हातभर लांब ठेवून आधी तीन दिवस आणि नंतर तीन दिवस घ्या.

वऱ्हाडी_माणूस
मिस्त्रीला नको म्हणून कळवलं. रॉड आणि अर्थिंगसाठी वायरमन बघतो. सोमवारी ताईंकडून उभी मोजून घेतो. भाकरी मात्र आई गॅसवर करू देणार नाही, त्याला काय करू?

दत्ता_आर्णी
भाकरीचा जाळ अर्ध्या तासाचा. सरपण वर्षभर वाळलेलं वापरा, पेटवायला प्लास्टिक आणि सायकलचं ट्यूब अजिबात नको, आणि काम झालं की निखारे बाहेर काढून पाणी मारा. आजींची चूल तेवढी राहू द्या.

केतकी
राहू द्या याला माझा विरोध आहे, घरात पुढचं बाळ येणार असेल तर विशेष. पण उभ्या मोजणीचा आकडा आला की इथे टाका, आणि ती दिवसभरात काय-काय खाते तेही. अंडं, डाळ, दूध, किती वेळा. त्याशिवाय पुढे बोलता येणार नाही.